१ जुलैपासून रुजू होऊ शकतो

ताई,
अकरा वर्षं अकाउंट्समध्ये काम करतोय. मागच्या आठवड्यात कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला. ऑफिसातला शेवटचा दिवस ६ जून होता, पगार ३० जूनपर्यंत मिळणार आहे. एका ठिकाणी मुलाखतीच्या दोन फेऱ्या झाल्या आहेत, त्यांचा निर्णय महिनाअखेरीस कळेल. त्याहून चांगली, अगदी माझ्याच कामाची एक जागा एका रिक्रूटरने टाकलेली दिसली. त्यांना पाठवायला मजकूर लिहून ठेवलाय, पण पाठवायला हात धजत नाही. घाई आहे हे सांगायचंय, पण हात पसरल्यासारखं दिसायला नको. मजकूर असा:

‘आदरणीय सर/मॅडम, मी सध्या अत्यंत कठीण काळातून जात आहे. कंपनीने अचानक दोनशे जणांना काढलं, माझा काहीही दोष नसताना मलाही काढलं. घराच्या कर्जाचा हप्ता आणि दोन मुलांची जबाबदारी माझ्यावर आहे. कुठलंही काम, कुठल्याही पगारावर, अगदी आजपासूनसुद्धा करायला तयार आहे. कृपया काहीतरी करा. बायोडेटा जोडला आहे.’

यात काय बदलू?
– एक वाचक

*

पाठवला नाहीत ते बरं केलंत. हप्त्याचं वाक्य काढावं लागेल हे तुम्हालाही आतून कळलेलं दिसतंय, त्याकडे मी येतेच. पण या मजकुरात मला सगळ्यात आधी टोचलं ते ‘अगदी आजपासूनसुद्धा’. बाकीची वाक्यं ऐकायला जड आहेत, हे एक चुकीचं असण्याची शक्यता आहे.

तुमचं ऑफिसला जाणं ६ तारखेला थांबलं आणि पगार ३० पर्यंत चालू आहे. याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक म्हणजे कंपनीने तुम्हाला नोटीस पिरियडमध्ये घरी बसवलं आहे. काम नाही, लॉगिन बंद, पण कागदोपत्री तुम्ही ३० जूनपर्यंत त्यांचेच कर्मचारी आहात. दुसरा म्हणजे नोकरी ६ जूनलाच संपली आणि पुढच्या दिवसांचे पैसे नोटिशीच्या बदल्यात दिले जाताहेत. बँकेच्या खात्यात दोन्हींचा आकडा सारखाच दिसतो. फरक एवढा की पहिल्या प्रकारात ३० तारखेआधी दुसरीकडे रुजू झालात तर तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणचे नोकर ठरता, आणि दुसऱ्या प्रकारात उद्या सकाळीसुद्धा जाऊ शकता. कंपनीने दिलेलं पत्र काढा आणि त्यात नोकरी संपण्याची तारीख कोणती लिहिली आहे ते बघा. पगार कधीपर्यंत, कामाचा शेवटचा दिवस कोणता, ही वाक्यं वेगळी असतात. तुम्हाला हवी ती ‘सेवा समाप्ती’ची किंवा ‘रिलीव्हिंग’ची तारीख. पत्रात ती स्पष्ट नसेल तर एचआरला एका ओळीचा मेल टाकून लेखी उत्तर घ्या. त्याच मेलमध्ये, आधी रुजू व्हायची वेळ आली तर लवकर मोकळं कराल का, हेही विचारून ठेवता येतं. घरी बसवलेल्या माणसाच्या बाबतीत पुष्कळ कंपन्या याला हरकत घेत नाहीत, पण त्यांचा होकार हातात येईपर्यंत तो होकार धरून चालू नका.

तुमच्या पत्रावरून मी पहिला प्रकार धरून चालते. म्हणजे तुमची खरी तारीख १ जुलै.

या एका तारखेवर एवढा वेळ घालवण्याचं कारण आहे. मी बरीच वर्षं रिक्रूटरचंच काम केलं. एका उमेदवाराने मला ‘लगेच येऊ शकतो’ असं सांगितलं, मी मॅनेजरला तसंच सांगितलं, त्यांनी आणखी दोघांना थांबवून याचं ऑफर लेटर तयार केलं. मग कळलं की जुन्या कंपनीच्या कागदावर तो अजून सहा आठवडे होता. त्याने लपवलं नव्हतं. त्याला वाटलं, ऑफिस सुटलं म्हणजे नोकरी सुटली. ऑफर मागे घेतली गेली नाही, पण रुजू व्हायच्या आधीच मॅनेजरच्या मनात त्याच्या शब्दाविषयी शंका बसली, आणि माझ्याही शब्दाविषयी. ‘लगेच’ हा शब्द रिक्रूटर रोज ऐकतो आणि प्रत्येकाचा ‘लगेच’ वेगळा निघतो, म्हणून तो त्यावर विसंबत नाही. ‘१ जुलै’ ऐकल्यावर मात्र तो ती तारीख कागदावर लिहून घेतो.

आता हप्ता आणि मुलं. ते लिहिण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, ही काळजी खरीच आहे. पण हा मजकूर कुणाच्या हातात जाणार आहे ते बघा. रिक्रूटर तुम्हाला नोकरी देत नाही. तो तुमचं नाव दोन-तीन ओळींच्या टिपणासोबत त्या विभागाच्या मॅनेजरकडे पाठवतो, आणि हाताशी वेळ कमी असेल तर टिपण लिहायच्या ऐवजी तुमचाच मेल मॅनेजरला पाठवून देतो. मी हे केलं आहे, आणि त्यातली एक वेळ मला अजून सलते. एका बाईंनी मला अगदी मोकळेपणाने लिहिलं होतं, घरातलं आजारपण, संपत आलेली शिल्लक, सगळं. त्यांचं काम उत्तम होतं. मी घाईत तो मेल जसाच्या तसा पुढे पाठवला. मॅनेजरने त्यांना घेतलं, पण त्या जागेसाठी जो पगार मंजूर होता त्याच्या बऱ्याच खालून बोलणी सुरू केली. कारण विचारलं तर म्हणाले, ‘त्या हो म्हणतील.’ त्या खरंच हो म्हणाल्या. त्या मॅनेजरचं वागणं चुकीचंच होतं, पण ती संधी त्याच्या हातात मी दिली होती. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच कसोटी सांगते: आपला मेल आपल्या होणाऱ्या साहेबाच्या टेबलावर उघडा पडला आहे असं समजून वाचा. त्यातलं जे वाक्य तिथे पडलेलं तुम्हाला नको असेल, ते रिक्रूटरलाही लिहू नका.

याला एक अपवाद आहे. एखाद्याचा देशात राहायचा परवाना नोकरीला बांधलेला असेल आणि ठरावीक दिवसांत नवी नोकरी मिळाली नाही तर देश सोडावा लागणार असेल, तर ते त्या तारखेसकट पहिल्याच मेलमध्ये लिहायला हवं. ते घरगुती कारण राहत नाही, कारण नव्या कंपनीला त्यासाठी कागदपत्रं करावी लागतात आणि त्याला वेळ लागतो. तुमच्या पत्रात तसं काही नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या बाबतीत असेल म्हणून सांगितलं.

‘कुठलंही काम, कुठल्याही पगारावर’ हे तुम्ही नम्रपणे लिहिलं असेल. रिक्रूटरला त्यातून वेगळंच ऐकू येतं, आणि ते का हे त्याच्या धंद्याची रीत कळल्याशिवाय समजणार नाही. जो रिक्रूटर एखाद्या एजन्सीचा असतो त्याला पैसे कंपनी देते. बहुतेक वेळा उमेदवार रुजू झाल्यावरच, आणि त्याच्या वर्षाच्या पगाराचा काही टक्के हिस्सा म्हणून. त्या करारात सहसा एक अट असते: माणूस ठरलेल्या मुदतीत, म्हणजे साधारण पहिल्या काही महिन्यांत, सोडून गेला तर एजन्सीने फुकट दुसरा माणूस द्यायचा किंवा पैसे परत करायचे. आता ‘कुठलंही काम’ म्हणणारा माणूस बघा. आज गरजेपोटी तो कमी पगाराच्या, कमी जबाबदारीच्या जागी बसेल आणि दोन महिन्यांनी मनासारखं मिळालं की उठेल. यात त्याचं काही चुकलं असं नाही, पण एजन्सीवाल्याची मेहनत आणि फी दोन्ही जाते. म्हणून तो अशा माणसाला हळूच बाजूला ठेवतो. कंपनीच्या स्वतःच्या एचआरमधल्या रिक्रूटरला फीची चिंता नसते. त्याची अडचण निराळी. त्याच्यापुढे ठरावीक जागा असतात, प्रत्येकीचं नाव, दर्जा, पगाराची चौकट आखलेली असते. ‘कुठलंही’ या नावाची जागा त्याच्या यादीत नाही, म्हणून तुम्हाला कुठे बसवायचं हे शोधण्याचं काम तुम्ही त्याच्यावर टाकता, आणि त्याला तेवढी उसंत नसते.

पर्याय वाढवायचे असतील तर नाव घेऊन वाढवा. तुमच्या क्षेत्रात तशी सोय चांगली आहे. कुणी बाळंतपणाच्या रजेवर जातं, कुणी मध्येच सोडतं, ऑडिट तोंडावर येतं आणि हात कमी पडतात, तेव्हा कंपन्या सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर अनुभवी माणूस शोधतात. तिथे तुमची १ जुलै ही तारीख सोन्यासारखी आहे, कारण दुसऱ्या उमेदवाराला अजून दोन-दोन महिने नोटीस पिरियड भरायचा असतो. तेव्हा तयारी असेल तर ‘सहा महिन्यांपर्यंतचं कंत्राटी कामही चालेल’ असं लिहा. पण ते तुम्ही बघितलेल्या या जागेच्या मेलमध्ये नको. तिथे तुम्ही कायमच्या जागेसाठी उभे आहात, आणि कंत्राट चालेल म्हटल्यावर तुमची तीच किंमत होऊ शकते. कंत्राटी जागा भरणाऱ्या एजन्सींना वेगळा मेल करा.

नोकरी गेल्याचं सांगायचं का, असा प्रश्न मनात असेल तर हो, सांगायचं, एका वाक्यात, आणि कामानंतर. तुमच्या मजकुरात ते सगळ्यात आधी आलं आहे आणि काम आलेलंच नाही, बायोडेटात जाऊन शोधा असं झालंय. ‘माझा काहीही दोष नसताना’ हे लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात दोषाचा विचार पहिल्यांदाच येतो. रिक्रूटरला फक्त एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: पूर्ण विभाग गेला, की काहींना निवडून काढलं आणि त्यात हा होता? तुमच्या बाबतीत पूर्ण विभाग गेला आहे. मग दोनशेचा आकडाही लागत नाही, ‘विभागातली सगळी पदं रद्द झाली’ हे पुरे. ज्यांच्या टीममधले काहीच जण गेले, त्यांनी ‘पुनर्रचनेत माझं पद रद्द झालं’ एवढंच लिहावं आणि जुन्या साहेबांपैकी एकाला विचारून ठेवावं, की कुणी फोन केला तर माझ्या कामाविषयी बोलाल का. त्या एका फोनने जे काम होतं ते चार वाक्यांच्या खुलाशाने होत नाही. आणि हो, जाताना तुम्हाला काही रकमेच्या बदल्यात एखाद्या करारावर सही करायला सांगितली असेल तर तो पुन्हा वाचा. त्यात पुष्कळदा रकमेची वाच्यता करायची नाही, कंपनीविषयी वाईट बोलायचं नाही अशी कलमं असतात. ‘अचानक काढलं’ हे शब्द लेखी जाण्याआधी ते बघितलेलं बरं.

राहिली घाई. ती सांगायची नाही असं मी म्हणत नाही, तुमच्याकडे तर ती सांगायला सगळ्यात चांगला आधार आहे. दुसऱ्या ठिकाणच्या दोन फेऱ्या झाल्या आहेत आणि महिनाअखेरीस निर्णय येणार आहे. गरजेची घाई वाचली की माणूस दया करतो किंवा टाळतो. तारखेची घाई वाचली की कॅलेंडर उघडतो. त्या कंपनीचं नाव लिहू नका, तिथला पगार लिहू नका, आणि ‘ऑफर आहे’ असं तर मुळीच लिहू नका, कारण अजून नाही. मुरलेला रिक्रूटर पुढचाच प्रश्न विचारतो, ‘ऑफर लेखी आहे का, उत्तर कधीपर्यंत द्यायचंय?’ आणि तिथे माणूस चाचरला की आवाजातच कळतं. जे आहे तेवढंच सांगा. दुसरी फेरी झाली, निर्णय अमुक सुमाराला. समजा तुमच्याकडे असं दुसरं काहीच चालू नसतं, तर मी सांगितलं असतं की ‘१ जुलैपासून’ हीच तुमची घाई, वेगळी दाखवायची गरज नाही.

तुमच्या बाबतीत तारखेचा आणखी एक फायदा आहे, तो तुमच्याच लक्षात आलेला दिसत नाही. ३० जूनला तिमाही संपते. म्हणजे जुलैचे पहिले दोन आठवडे अकाउंट्स विभागात श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि फायनान्सची जागा रिकामी असलेल्या कंपनीत ते काम कुणीतरी स्वतःचं सांभाळून ओढत असतं. तुम्ही १ जुलैला येऊ शकता याचा अर्थ त्या मॅनेजरच्या दृष्टीने काय होतो ते तुम्ही अकाउंट्सचे असल्यामुळे माझ्यापेक्षा जास्त जाणता. तिथे तुमची निकड आणि त्यांची निकड एकाच दिवशी येते. ते शब्दांत फार फुलवायची गरज नाही, नुसतं तिमाहीचं नाव घेतलं तरी समजणाऱ्याला समजतं. मुलाखती पुढे गेल्या आणि १ जुलै हुकला तरी बिघडत नाही, तुम्ही त्या तारखेनंतर मोकळे आहात हे तर कळलेलं राहतं.

आता मी तुमचा मजकूर लिहून बघते. तुमच्या कामाचे तपशील पत्रात नाहीत, म्हणून ते मी कल्पनेने भरले आहेत. तिथे तुमचे खरे आकडे घाला.

विषय: फायनान्स मॅनेजरची जागा – अकाउंट्सचा ११ वर्षांचा अनुभव, १ जुलैपासून उपलब्ध

‘नमस्कार,

तुम्ही टाकलेल्या फायनान्स मॅनेजरच्या जागेसंदर्भात लिहितो आहे. मी ११ वर्षं अकाउंट्समध्ये आहे. गेली ४ वर्षं आमच्या समूहातल्या ३ कंपन्यांचं महिनाअखेरचं क्लोजिंग माझ्याकडे होतं. त्याला ९ दिवस लागायचे, ते ५ दिवसांवर आणलं.

कंपनीने अकाउंट्सचं काम मुख्यालयात एकत्र केलं आणि आमच्या विभागातली सगळी पदं रद्द झाली. माझी सेवा ३० जूनला संपते. १ जुलैपासून, म्हणजे जून तिमाहीच्या क्लोजिंगला, मी रुजू होऊ शकतो.

एका ठिकाणी माझी दुसरी फेरी झाली आहे आणि तिथला निर्णय महिनाअखेरीस अपेक्षित आहे. तुमची जागा माझ्या कामाच्या अधिक जवळची आहे, म्हणून त्याआधी तुमच्याशी बोलता आलं तर बरं होईल. मी कामाच्या दिवशी सकाळी १० ते १ मोकळा असतो, आदल्या दिवशी कळवलंत तरी चालेल.

ही जागा अजून खुली आहे का, एवढं कळवाल का?

बायोडेटा सोबत जोडला आहे.’

खाली नाव आणि फोन नंबर. एवढंच.

यातल्या दोन गोष्टींविषयी सांगते, बाकीचं तुम्हाला दिसतंच आहे. ‘सकाळी १० ते १’ हे मी मुद्दाम घातलं. नोकरी नसलेला माणूस ‘केव्हाही बोलावा’ लिहितो, त्याला वाटतं आपण समोरच्याची सोय करतोय. प्रत्यक्षात रिक्रूटरला मॅनेजरचं आणि उमेदवाराचं वेळापत्रक जुळवायचं असतं, आणि ‘केव्हाही’शी काही जुळवता येत नाही. तीन तासांची खिडकी दिली की तो थेट वेळ टाकतो. त्यांनी दुपारी ४ ची वेळ दिली तर जा, अर्थातच. आणि शेवटचा प्रश्न. ‘कृपया काहीतरी करा’ याला उत्तर देणं कठीण असतं, मन असूनही माणूस ते बाजूला ठेवतो. ‘जागा खुली आहे का’ याचं उत्तर चालता चालता फोनवरून देता येतं, आणि एकदा ‘हो’ लिहिलं की पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं.

‘आदरणीय’ काढलं ते पाहिलंत ना? नुसत्या ‘नमस्कार’मध्ये कसलाही अनादर नाही. त्या जागेच्या जाहिरातीत रिक्रूटरचं नाव असेल तर ‘नमस्कार’नंतर ते घाला, ‘सर/मॅडम’ ही तिरकी रेघ मात्र नको. ती बघितली की मेल शंभर जणांना गेलाय असं वाटतं.

पाठवण्याआधी बायोडेटा उघडा. मला खात्री आहे की त्यात शेवटच्या नोकरीपुढे ‘आजपर्यंत’ असं लिहिलेलं आहे, कारण जवळजवळ सगळ्यांच्यात असतं. मेलमध्ये ३० जून आणि बायोडेटात ‘आजपर्यंत’ असेल तर वाचणारा गोंधळतो, हा नोकरीत आहे की नाही? तुम्ही अजून कागदोपत्री आहात म्हणून आज ते खोटं नाही, तरी ‘३० जूनपर्यंत’ असंच करा. ऑनलाइन प्रोफाइलवरही तेच. पुढे पार्श्वभूमी तपासणी होते तेव्हा तपासणारे जुन्या कंपनीकडून तारखा मागवतात आणि तुम्ही दिलेल्या तारखांशी ताडून बघतात. तीन ठिकाणी तीन तारखा निघाल्या तर खुलासे देत बसावं लागतं, तेही ऑफर हातात येण्याच्या ऐन वेळी.

फोन आला की दोन प्रश्न ठरलेले. पहिला नोकरी का गेली, त्याचं उत्तर मेलमधलंच वाक्य, तेवढ्याच लांबीचं. ते मोठ्याने चार वेळा म्हणून बघा, कारण लिहिताना सरळ वाटणारं वाक्य बोलताना घशात अडकतं. ते बोलून झालं की थांबा. समोर क्षणभर शांतता पसरते, तो लिहून घेत असतो, आणि माणूस घाबरून ती शांतता भरायला जातो. सगळा खुलासा, सगळी कटुता त्या दोन सेकंदांत बाहेर पडते. दुसरा प्रश्न पगाराचा. शेवटचा पगार सांगायचा की नाही हे काही ठिकाणी कायद्यानेच ठरलेलं आहे, कंपनीला तो विचारायची मुभाच नसते. विचारला तर खोटं सांगू नका, पण बोलणं अपेक्षेवर आणा. ‘या जबाबदारीसाठी माझी अपेक्षा अमुक ते अमुक आहे, तुमच्याकडे चौकट काय आहे?’ खालचा आकडा तोच ठेवा ज्याला तुम्ही उद्या खरंच हो म्हणाल आणि सहा महिन्यांनी तो सलणार नाही. त्यासाठी फोनच्या आधी घरी बसून हिशेब करावा लागेल. महिन्याला किमान किती लागतं आणि शिल्लक किती महिने पुरेल. हप्ता आणि मुलांच्या जबाबदारीची जागा त्या कागदावर आहे. तो कागद समोर असला की फोनवर आवाज स्थिर राहतो.

उत्तर आलं नाही तर पाच-सहा कामाचे दिवस जाऊ द्या आणि त्याच मेलखाली दोन ओळी लिहा. ‘आठवण करून देतो’ एवढंच नको, काहीतरी नवं द्या. दुसऱ्या ठिकाणी शेवटची फेरी ठरली, किंवा कंपनीने मला २३ जूनपासूनच मोकळं केलं. तरीही उत्तर नसेल तर तिसरा मेल नको. जागा भरली गेली असेल, गोठवली असेल, किंवा रिक्रूटरच बदलला असेल. यातलं बहुतेक काही तुमच्यावर अवलंबून नसतं. ‘ही जागा भरली’ असं उत्तर आलं तर मात्र त्याच दिवशी लिहा: ‘कळवल्याबद्दल आभार. क्लोजिंग किंवा रिपोर्टिंगची अशी जागा पुन्हा निघाली तर जरूर कळवा.’ मी माझ्या यादीत ज्यांची नावं वर्षानुवर्षं ठेवली ती अशी दोन ओळी लिहिणाऱ्यांची होती.

आणि पहिल्या ठिकाणची ऑफर आधी आली, तर ती तारखेसकट या रिक्रूटरला लगेच कळवा: ‘मला लेखी ऑफर आली आहे, अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचं आहे. तुमच्याकडची प्रक्रिया तोवर पूर्ण होणं शक्य आहे का?’ ते नाही म्हणाले तर पहिली ऑफर निवांत मनाने घ्या.

३० जून उलटला आणि अजून काहीच ठरलं नसलं, तर १ तारखेला सकाळी हाच मजकूर पुन्हा काढा आणि तीन गोष्टींना हात लावा. ‘३० जूनला संपते’चं ‘३० जूनला संपली’ करा, दुसऱ्या ठिकाणच्या निर्णयाचा भाग तेव्हाच्या परिस्थितीप्रमाणे बदला किंवा काढा, आणि विषयात नि मजकुरात ‘१ जुलैपासून’च्या जागी ‘लगेच’ लिहा. त्या दिवशी ते खरं असेल.